पाइनचे परागकण ४० टक्के, मग पाइनचं जंगल होतं का?

प्रश्न: पुरापरिस्थितिकीच्या निबंधासाठी एका तळ्याच्या गाळाचा पराग-आलेख वापरतोय. सगळ्यात खालच्या, हिमयुग संपतानाच्या थरात पाइनचे परागकण जवळजवळ ४० टक्के दिसतात. तेव्हा तिथे पाइनचं जंगल होतं असं लिहिलं तर चालेल का?

एवढ्याच पुराव्यावर नाही चालणार. तिथे एकही पाइन नसतानाही आलेखात ४० टक्के येऊ शकतात.

स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने १९१६ साली परागकणांचे टक्केवारीचे आलेख मांडले आणि तेव्हापासून आपण सगळे तीच सवय चालवतोय. पण टक्केवारी निवडणुकीतल्या मतांसारखी असते. एखाद्याला ४० टक्के मतं मिळाली हे कळतं, मतदान किती झालं ते कळत नाही. उघड्या, थंड, झाडं नसलेल्या प्रदेशात गवतं आणि खुरटी झुडपं मुळात फार थोडे परागकण सोडतात. त्यात शेकडो किलोमीटरवरून वाऱ्याने आलेले पाइनचे मूठभर कण पडले की बेरजेत त्यांचा वाटा मोठा दिसतो. पाइन यात पक्का मुरलेला आहे: परागकण भरपूर सोडतो, आणि प्रत्येक कणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो लांब जातो. शिवाय कण अर्धवट कुजला किंवा फुटला तरी नुसत्या पिशवीवरून ओळखू येतो. बाकीचे नाजूक कण तेवढ्यात नाहीसे झालेले असतात.

हा गुंता सोडवण्याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं रॉजर्स लेक. मार्गारेट डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात तिथल्या कोअरवर, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यावर, काम केलं. न्यू इंग्लंडच्या तळ्यांमध्ये हिमनदी मागे सरल्यानंतरच्या सगळ्यात खालच्या थरांत गवतवर्गीय परागकणांबरोबर पाइन, स्प्रूस, अगदी ओकचेही कण सापडत. ही टुंड्रा होती, की विरळ झाडी, यावर वाद होता. डेव्हिस यांनी टक्के बाजूला ठेवून वेगळा प्रश्न विचारला: तळ्याच्या तळावर दर चौरस सेंटिमीटरला दर वर्षी किती कण पडत होते? त्या थरांत उत्तर हजाराच्याही खाली आलं. नंतर जंगल आल्यावर तोच आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. म्हणजे खाली ओकचे कण होते, पण ओकचं झाड जवळपास नव्हतं. जमीन टुंड्रासारखी उघडी होती.

हा दर काढायचा कसा ते एकदा हाताने करून बघा, म्हणजे निबंधात नेमकं काय लिहायचं ते आपोआप सुचेल. आज बहुतेक प्रयोगशाळांत गाळात ठरावीक संख्येने बाहेरचे कण मिसळायला लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या गोळ्या वापरतात. एका गोळीत किती बीजाणू आहेत ते उत्पादकाने मोजून दिलेलं असतं. समजा १८,५०० आहेत. एक घनसेंटिमीटर गाळात एक गोळी टाकायची, आणि तीही अगदी सुरुवातीला, कुठलंही रसायन घालण्याआधी. गोळीत बायकार्बोनेट असतं, त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की ती फसफसून विरघळते. पुढे कॉस्टिक पोटॅश, वाळू-माती काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, मग सेल्युलोज काढायला अॅसिटोलिसिस, आणि दरवेळी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतून देणं, या सगळ्यात थोडे कण वाया जातातच. पण परागकण आणि बीजाणू साधारण सारख्याच प्रमाणात वाया जातात, म्हणून दोघांचं गुणोत्तर टिकतं. गोळी शेवटी टाकली तर हा फायदाच उरत नाही.

आता सोयीचे आकडे घेऊन दोन नमुने बघू. दोन्हींत ३०० परागकण मोजले, त्यातले १२० पाइनचे, म्हणजे दोन्हीकडे ४० टक्के. खालच्या नमुन्यात ते ३०० मोजेपर्यंत ५५५ बीजाणू दिसले. मग ३०० भागिले ५५५ गुणिले १८,५००, म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये १०,००० परागकण. रेडिओकार्बनच्या वयांवरून तिथे एक सेंटिमीटर गाळ साठायला २० वर्षं लागत होती असं निघालं, म्हणजे वर्षाला ५००, आणि त्यात पाइनचे २००. वरच्या नमुन्यात ३०० कणांमागे फक्त ३७ बीजाणू दिसले. हिशोब १,५०,००० वर जातो. तिथे सेंटिमीटरला १० वर्षं लागत असतील तर वर्षाला १५,००० कण, आणि पाइनचे ६,०००. टक्के तेच, पण पाइनमध्ये ३० पटींचा फरक. पहिला आकडा वाऱ्याने आलेल्या कणांचा असू शकतो, दुसरा तसा असणं अवघड.

(फक्त ३७ बीजाणू मोजणं कमीच. एवढ्या मोजणीत नुसत्या योगायोगाची चूक सोळा-सतरा टक्क्यांची असते. अशा वेळी दुसऱ्या नमुन्यात गोळ्या वाढवतात. ३० पटींच्या फरकाला त्याने धक्का लागत नाही, पण दीडपट-दुप्पट फरकावर कुणी मोठे निष्कर्ष काढले असतील तर सावध व्हा.)

या पद्धतीची कमजोर बाजू वयांच्या हिशोबात आहे. गाळ साठण्याचा वेग चुकला की परागकणांचा दरही त्याच पटीत चुकतो. ओळखायची खूण सोपी आहे: एखाद्या खोलीवर पाइन, ओक, गवत, सगळ्यांचे दर एकदम वर गेले किंवा एकदम खाली आले, तर झाडांपेक्षा गाळावर संशय घ्या. सगळ्या जाती एकाच वेळी तिप्पट होत नाहीत. वयं बरोबर असली तरी तळ्यातला गाळ कडेच्या उथळ भागातून उठून खोल मध्यभागी जाऊन बसतो, आणि मध्यातल्या कोअरमध्ये दर फुगतो. हा दोष डेव्हिस यांनीच पुढे दुसऱ्या तळ्यांवर दाखवून दिला. म्हणून दर आणि टक्के दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात. माझ्या मते ज्या शोधनिबंधात फक्त टक्के दिलेत, त्यातल्या हिमयुगाच्या शेवटच्या थरांवर फार भिस्त ठेवू नये.

उलट बाजूचाही घोटाळा असतो. कीटकांमार्फत परागण होणारी झाडं गाळात जवळजवळ गप्प असतात. मॅपलचं जंगल असूनही आलेखात मॅपल थोडाच दिसतो. आपल्याकडच्या तळ्यावर कुणी काम करत असेल तर हा त्रास कितीतरी जास्त, कारण सागापासून आंब्यापर्यंत अनेक झाडं कीटकांच्या भरवशावर आहेत, आणि गवताचा कण बहुतेक वेळा नुसता ‘गवत’ एवढाच ओळखता येतो.

तुमच्या तळ्यासाठी एवढं करा: मूळ शोधनिबंधात परागकणांच्या दराचा आलेख आहे का ते पाहा, बऱ्याचदा तो मागच्या एखाद्या आकृतीत असतो. त्यात पाइन खालच्या थरात वरच्यापेक्षा कित्येक पटींनी कमी असेल, तर ‘पाइनचे परागकण बहुधा दूरवरून आले’ असं लिहा. मग त्याच थरात पाइनच्या सुया, किंवा परागकणांच्याच स्लाइडवर दिसणारी सूचिपर्णी पानांची रंध्रं सापडली का ते बघा. सुई किंवा तिचा तुकडा परागकणासारखा लांब उडत नाही, त्यामुळे ती सापडली तर झाड जवळच होतं असं ठामपणे म्हणता येतं, मग दर कितीही कमी असो. दोन्हीपैकी काहीच उपलब्ध नसेल तर ‘उघडा प्रदेश, पाइनचं स्थानिक अस्तित्व अनिश्चित’ इथेच थांबा. परीक्षक त्याला नावं ठेवणार नाहीत.