पहिल्या दिवसाची कढत बादली

ताई, मी २१ वर्षांची, पंचवटीत राहते. पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा बाथरूममध्ये पडले, दुसऱ्यांदा हनुवटीला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बीपी ९०/६० आहे, लो आहे. आई म्हणते रक्त कमी आहे, पण हिमोग्लोबिन १२.४ आलं. सव्वासहाला कळ येऊन जाग येते, दोनदा पातळ होतं, मग कढत पाण्याने अंघोळ केली की शेक मिळतो, आणि सातची बस पकडते. पडले की आई उचलून बसवते, कांदा हुंगवते. परीक्षेच्या दिवशी असं झालं तर? – क.

क., तू बीपी लिहिलंस, रक्त लिहिलंस, आणि ती बादली अर्ध्या ओळीत उरकलीस. माझ्या मते दोन्ही वेळा तू त्या बादलीमुळे पडलीस.

रात्री जेवलीस, झोपलीस, म्हणजे सकाळी आठ-नऊ तास पोटात पाण्याचा थेंब नाही. वर जुलाब झाले, त्यातून आणखी पाणी गेलं. ते जुलाब आणि कळ एकाच कारणाने होतात. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं सुटतात, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त. ती गर्भाशय आवळतात आणि आतडीही ढवळून काढतात. अशात तू कढत पाणी डोक्यावरून घेतेस. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडे आणि पायांत उतरतं, आणि तू वाफेने भरलेल्या खोलीत उभी. त्यात जोराची कळ आली की व्हेगस नावाची नस हृदयाला एकदम हळू करते. मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. ९०/६० हे सडपातळ मुलीचं रोजचं बीपीही असू शकतं. नुसत्या त्या आकड्याने कोणी पडत नाही. डॉक्टरांना ते आधी झोपवून आणि मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांग. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर ती वेगळी गोष्ट, तिचं कारण शोधावं लागेल.

म्हणून एकच कर. पहिल्या दिवशी उठल्याउठल्या अंघोळ बंद. उशाशी पाण्याची बाटली आणि दोन-चार बिस्किटं ठेवून झोप. कळ आली की पडल्यापडल्या बिस्किटं खा, मग उठून बस आणि अर्धा लिटर पाणी पी, जुलाब झाले तर ओआरएस. मग गोळी: मेफेनॅमिक ॲसिड ५०० किंवा आयबुप्रोफेन ४००, दोन्हींपैकी एकच, तीही डॉक्टरांना एकदा विचारून, कारण दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या चालत नाहीत. गोळी ती द्रव्यं तयार होणंच थांबवते, त्यामुळे पहिल्या कळेलाच घ्यायची. लोळायची वेळ आल्यावर घेतलीस तर उशीर झालेला असतो. दुकानात मागताना पाकीट वाच. त्यात डायसायक्लोमिनही असेल तर ते नको, त्याने स्वतःच गरगरतं. शेक हवाच तर रबरी पिशवी ओटीपोटावर घेऊन आडवी हो. तेवढ्या शेकाने अंगभर रक्तवाहिन्या सैल होत नाहीत. अंघोळ दुपारी, कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. आणि कडी लावायची नाही.

पडण्याआधी तुला इशारा मिळतच असणार: जांभया, गार घाम, मळमळ, कानात दडा. तो आला की जिथे असशील तिथे खाली बस, बसमध्येसुद्धा. लोक काय म्हणतील ते म्हणोत. आडवं होता आलं तर उत्तमच. तेही जमत नसेल तर पायांची कातर मारून मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळून धर, तेवढ्याने पायांतलं रक्त वर येतं.

आता आईंना. बेशुद्ध पोरीला उचलून बसवणं हीच चूक आहे. आडवी झाली की रक्त आपोआप डोक्याकडे जातं. तुम्ही बसवता आणि ते पुन्हा खाली ओढता. तिला जमिनीवरच राहू द्या, पाय उशांवर चढवा, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, नंतरही दहा-पंधरा मिनिटं उठवू नका. कांदा लासलगावचा असो की आणखी कुठला, त्याची जागा भाजीत.

दोनदा पडली आहेस, तेव्हा एकदा ईसीजी काढून घे. मात्र पळताना किंवा आडवी असताना शुद्ध गेली, पडण्याआधी छाती धडधडली, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हे पाळीचं नाही, हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा पाळी चुकून मग दुखून रक्त गेलं आणि चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना. गर्भ नळीत असेल तर ते जिवावर बेततं.

राहिली परीक्षा. त्या दिवशी गजर साडेपाचचा लाव, पारोसी जा, आणि पेपर संपल्यावर खुर्चीतून एकदम उठू नकोस. पोटऱ्या चार-सहा वेळा आवळून मग उठ.