कच्ची डाळ, शिजलेलं वरण आणि रात्रीची भूक

"मॅडम, ट्रॅकरमध्ये रोज पंधराशे कॅलरी भरतात, प्रोटीन तर टार्गेटच्या वर जातं, तरी रात्री दहाला फरसाणाच्या डब्यावर तुटून पडते. माझ्यात कंट्रोलच नाही का?"

हे इतक्या जणींकडून ऐकलंय की शेवटी लिहायला घेतलं. माझी पद्धत एकच, स्वतःला दोष द्यायच्या आधी पुरावा तपासायचा. मनाचा आणि वहीचाही.

एका ताईंना म्हटलं, कालचं शीट दाखवा. दुपारी वरण 150 ग्रॅम, रात्री वरण 150 ग्रॅम, समोर तूरडाळीचे आकडे. दोन वाट्यांतून हजार कॅलरी आणि 65 ग्रॅम प्रोटीन! मी विचारलं, "कुकरला डाळ किती लावता?"

"मोजली नाही कधी."

"उद्या मोजा. आणि त्या डाळीच्या वाट्या किती होतात तेही."

पुढच्या वेळी आल्या त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या, "मॅडम, 120 ग्रॅम डाळीच्या चार वाट्या झाल्या, म्हणजे वाटीत डाळ 30 ग्रॅमच, बाकी पाणी!"

तिथेच गाठ सुटली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यात डाळी-धान्यांचे आकडे 100 ग्रॅम कच्च्या मालाचे आहेत, आणि त्यांच्या शीटमध्ये तेच उतरवलेले. वजन मात्र शिजलेल्याचं. खरं पाहता दोन वाट्या वरणात कॅलरी दोनशे, प्रोटीन जेमतेम 13 ग्रॅम. म्हणजे कागदावर पंधराशे आणि पोटात सातशेच्या आसपास, मग रात्री भूक लागणार नाही तर काय होणार. ताई गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी खादाड नाहीये." मला विचाराल तर खरं काम या एका वाक्यात झालं, शीट नंतर दहा मिनिटांत सुधारलं.

सुधारलं ते असं, की घरच्या पदार्थांची वेगळी ओळ केली. कच्चा माल वजन करून घ्यायचा, तेलासकट, त्याची एकूण कॅलरी आणि प्रोटीन काढायचं आणि जितक्या वाट्या होतील तितक्यांनी भागायचं. एकदा केलं की महिनोन्महिने चालतं, फक्त वरण पातळ केलं तर वाट्या पुन्हा मोजायच्या. आणि हो, फोडणीचं तेल सोडू नका, एका मोठ्या चमच्याला साधारण 120 कॅलरी असतात.

टार्गेटही तपासलं. निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन ही आयसीएमआरची शिफारस, ताईंचं वजन 60, म्हणजे 50 ग्रॅम. नव्या हिशोबात दिवसाचे 33च भरत होते. मग सकाळी दोन अंडी आणि संध्याकाळी वाटीभर मटकीची उसळ वाढवली, पन्नाशी गाठली आणि फरसाणाची ओढ बरीच कमी झाली. जो फरसाण खाल्ला जातो तोही आता त्या लाज न वाटता लिहितात.

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. आणि वजनकाटा नसेल तर जेवायचीच भीती वाटायला लागली, लग्नाकार्यातलं जेवण टाळायला लागलात, तर ट्रॅकर आधी बंद करा आणि मग समुपदेशकाला भेटा.