फोनवर बरोबरची खूण येते, मशीनवर ‘डिक्लाइन’

प्रश्न: आधी चालायचं, महिनाभरापासून मोबाईल मशीनला टेकवला की ‘डिक्लाइन’ येतं. कार्ड मशीनमध्ये टाकून पिन दिला की चालतं. बँकवाले म्हणतात कार्ड ठीक आहे. बिघाड फोनचा, मशीनचा की बँकेचा?

ताई, बहुतेक बिघाड टोकनचा आहे. बँकवाले खोटं सांगत नाहीत, पण ते तुमचं प्लास्टिकचं कार्ड तपासतात. मोबाईल टेकवताना मशीनकडे जातं ते वेगळंच असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात दुकानदारांना स्वाइप मशीन बसवून देतो आणि अडलं की जाऊन बघतो. कृषी केंद्रं, मेडिकल, कापड दुकानं, पेट्रोल पंप, सगळीकडे हीच तक्रार असते.

फोनमध्ये कार्ड जोडताना त्याचा खरा १६ अंकी नंबर फोनमध्ये राहत नाही. त्याच्या जागी दुसरा नंबर तयार होतो, तो फक्त त्या फोनपुरता आणि त्या कार्डापुरता. यालाच टोकन म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये याला परवानगी दिली, आणि यासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत हेही तेव्हाच सांगितलं. म्हणजे तुमच्या खात्याला दोन दारं झाली, एक कार्डाचं आणि एक टोकनचं. एक उघडं असताना दुसरं बंद असू शकतं. वॉलेट अ‍ॅपमध्ये त्या कार्डावर बोट ठेवून आत गेलात की ‘Virtual account number’ किंवा तशाच नावाखाली चार अंक दिसतील. ते तुमच्या कार्डावरच्या शेवटच्या चार अंकांशी जुळत नाहीत, जुळायचेही नसतात.

मागच्या जूनमधली गोष्ट सांगतो, त्यात तुमचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा आहे. दिग्रसकडच्या एका कृषी केंद्रातून फोन आला, मशीन खराब झाली म्हणून. पेरणीचे दिवस, दुकानात बियाण्याच्या बॅगांसाठी रांग. एक गुरुजी सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायला आले होते, बिल ६,४८० रुपये. मोबाईल टेकवला, मशीन वाजली, फोनवर बरोबरची हिरवी खूण आली आणि मशीनच्या पडद्यावर ‘DECLINED’. गुरुजी म्हणत होते, “पैसे त गेले नं भाऊ, हे पाय खूण आली.” दुकानदार म्हणत होता, गेले नाहीत.

दुकानदाराचं बरोबर होतं. फोनवरची ती खूण एवढंच सांगते की फोनने आपली माहिती मशीनला दिली. बँकेने हो म्हटलं की नाही, हे फोनला त्या क्षणी माहीत नसतं. बँकेचं उत्तर मशीनकडे येतं आणि पावतीवर छापलं जातं. म्हणून खूण बघून माल देऊ नये, आणि खूण बघून ग्राहकाने भांडूही नये.

मी आधी गुरुजींच्याच कार्डाने १०० रुपयांचा व्यवहार टॅप करून बघितला. लगेच झाला. म्हणजे मशीनचं टॅप चालू, खातं चालू, कार्डावरही टॅपची सोय चालू. मग तेच १०० रुपये मोबाईलने करून बघितले, पुन्हा नकार. आता रकमेचा प्रश्न उरला नाही. मशीन वाजते, म्हणजे फोन आणि मशीन एकमेकांशी बोलतात. उरलं फक्त टोकन.

मी विचारलं, गुरुजी, एवढ्यात नवीन कार्ड आलं का? “हो, एप्रिलात आलं नं. जुन्याची तारीख संपली होती.” फोनमध्ये मात्र जुनंच कार्ड जोडलेलं होतं. नवीन कार्ड आलं की टोकन त्याला आपोआप जोडलं जातं असं पुष्कळ ठिकाणी होतं, पण प्रत्येक वेळी होतंच असं नाही. इथे झालं नव्हतं. फोनमध्ये कार्डाचं चित्र तसंच दिसत होतं, पण बँकेकडे त्या टोकनच्या मागे चालू कार्डच नव्हतं.

तुमचं महिनाभरापूर्वीपर्यंत चालायचं म्हणता, तर तेव्हा काय बदललं ते आठवा. नवीन कार्ड आलं असेल, कार्ड हरवलं म्हणून बंद करून पुन्हा घेतलं असेल, फोन रिसेट केला असेल, किंवा स्क्रीन लॉक काढून ठेवलं असेल. शेवटचं फार जणांच्या लक्षात येत नाही. घरातल्या पोराला फोन द्यायचा म्हणून पॅटर्न काढून टाकतात, आणि लॉक निघालं की सुरक्षेसाठी फोनमधली टॅपची कार्डं निघून जातात किंवा बंद पडतात. लॉक परत लावलं तरी कार्ड पुन्हा जोडावंच लागतं.

उपाय सोपा आहे. वॉलेटमधून ते कार्ड काढा, फोन बंद करून सुरू करा, नवीन कार्डाचे अंक टाकून पुन्हा जोडा. बँक ओटीपी पाठवेल. गुरुजींचा ओटीपी दुकानात आलाच नाही, कारण बँकेला दिलेल्या नंबरच्या सिमला तिथे रेंज नव्हती. रस्त्यावर जाऊन उभे राहिले तेव्हा आला. हे काम शक्यतो घरी किंवा चांगली रेंज असेल तिथेच करा, मागे रांग उभी असताना करू नका. जोडल्यावर ‘Virtual account number’ चे अंक बदललेले दिसले म्हणजे नवीन टोकन तयार झालं.

१०० रुपये आता मोबाईलने गेले. पण ६,४८० ला मशीनने पिन मागितला आणि पिन टाकल्यावर पुन्हा नकार आला. गुरुजी वैतागले, मीही क्षणभर गोंधळलो. ही दुसरी अडचण पहिलीच्या खाली दबलेली होती.

१ जानेवारी २०२१ पासून टॅप करून पिनशिवाय एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत देता येतात. आधी ही मर्यादा २,००० होती. त्याच्या वर मशीन पिन मागते, मोबाईल बोटाच्या ठशाने उघडलेला असला तरी. हा पिन कार्डाचा, यूपीआयचा नव्हे. यूपीआयचा पिन हाताला इतका सवयीचा झालेला असतो की माणूस तोच टाकून मोकळा होतो, आणि तीन वेळा चुकला की बहुतेक बँका कार्डाचा पिनच अडवून ठेवतात. गुरुजींना मी आधी हेच विचारलं. त्यांनी कार्डाचाच टाकला होता.

मग त्यांच्या बँकेचं अ‍ॅप उघडलं. कार्डाच्या नियंत्रणात मशीनवरच्या खरेदीची मर्यादा मोठी होती, पण टॅपसाठी वेगळी ओळ होती आणि तिथे २,००० लिहिलेलं होतं. टोकनच्या व्यवहारांसाठी प्रत्येक व्यवहाराची आणि दिवसाची मर्यादा ग्राहकाला ठरवता आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँका ती सोय देतात, पण सुरुवातीचा आकडा पुष्कळदा लहान ठेवतात. कार्ड मशीनमध्ये टाकून पिन दिला की व्यवहार मोठ्या मर्यादेत मोजला जातो, म्हणून तो होतो. तुमचंही तसंच होत असू शकतं. गुरुजींनी ती मर्यादा १०,००० केली, पुन्हा टेकवलं, पिन टाकला, पावती निघाली.

याच पानावर टॅपचं बटण चालू आहे का तेही बघून घ्या. २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर टॅप आणि ऑनलाइन खरेदी ग्राहकाने स्वतः चालू करावी लागते. कार्ड बदलून आलं की बटण पुन्हा बंद असू शकतं.

काही जुन्या मशीन मोठ्या रकमेला पिन न मागता सरळ ‘INSERT CARD’ म्हणतात. मोबाईल काही त्यात खुपसता येत नाही. तिथे कार्ड वापरा किंवा क्यूआर स्कॅन करा, फोनमध्ये दोष शोधत बसू नका.

आता फोनच्या सेटिंगचं. मशीन वाजलीच नाही, तिला मोबाईल आल्याचं कळलंच नाही, तरच इकडे बघायचं. तुम्हाला ‘डिक्लाइन’ येतं, म्हणजे मशीनला कळतंय, त्यामुळे तुमचा दोष इथे असण्याची शक्यता कमी. तरी एनएफसी, म्हणजे फोनमधली टॅपची सोय, चालू आहे का, आणि ‘Contactless payments’ मध्ये तुम्ही वापरता तेच अ‍ॅप निवडलेलं आहे का, एवढं बघा. शाओमी-रेडमीच्या काही फोनांत ‘Secure element position’ अशी एक वेगळी ओळ असते, तिथे ‘Use HCE Wallet’ हवं. फोन उघडून, पाठीचा वरचा भाग मशीनवरच्या चार कमानींच्या खुणेला लावायचा आणि दोन सेकंद हलवायचा नाही.

आणि कव्हर काढून बघा. आपल्याकडे अर्धे लोक मोबाईलच्या कव्हरमागे एटीएम कार्ड ठेवतात. त्या कार्डातही टॅपची चिप असते. मशीनसमोर दोघं एकदम येतात, मग ती एकच कार्ड दाखवा म्हणते, नाहीतर मोबाईलऐवजी कार्डातूनच पैसे कापते. मागे लोखंडी पट्टी किंवा चुंबकाची रिंग असली तरीही अडतं.

गावाकडची आणखी एक अडचण नेटची आहे. टॅप करताना मोबाईलला नेट लागत नाही, नेट मशीनला लागतं. पण मोबाईल टॅपसाठी एकवेळ वापरायच्या थोड्या किल्ल्या आधीच आणून ठेवतो आणि नेट मिळालं की नव्या आणतो. शेतावर आठ-दहा दिवस डेटा बंद ठेवून माणूस थेट बाजारात आला की साठा संपलेला किंवा मुदत गेलेली असते, आणि टॅप होत नाही. डेटा चालू करून वॉलेट उघडा, एक-दोन मिनिटं थांबा. एवढ्यानेच चालू झालं तर कार्ड काढून पुन्हा जोडायची गरज नाही.

कधी मशीनवर नकार येतो आणि पैसे खात्यातून खरंच कापले जातात. तशी पावती फाडू नका. असे पैसे बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत करायचे असतात, उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईसकट. तक्रार देताना मोबाईलने केलेला व्यवहार आहे हे सांगा आणि पावतीवरचे शेवटचे चार अंक द्या. ते टोकनचे असतात. शाखेतला माणूस कार्डाचे अंक घालून शोधतो, त्याला पावतीशी जुळणारं काही सापडत नाही, आणि मग तो म्हणतो असा व्यवहार झालाच नाही. माल परत करताना दुकानदारही याच अंकांवर अडतो, तेव्हा त्याला कार्ड न दाखवता ज्या मोबाईलने पैसे दिले तोच मोबाईल टेकवा.