बॉन्ड आहे का विचारू नकोस, तारीख टाकून आकडा माग

अरे,

ऑफर लेटरचे फोटो मिळाले, एक वाकडा आलाय पण वाचता आला. रिक्रूटर म्हणते बॉन्ड नॉर्मल आहे, सगळेच सही करतात, उद्या संध्याकाळी सहापर्यंत ॲक्सेप्ट कर नाहीतर ऑफर लॅप्स, आणि तू विचारतोस काकू काय करू. पेढे घरी येऊन खाईन, आत्ता कामाचं बोलते.

तू तिला विचारलंस की "बॉन्ड आहे का?" ती म्हणाली "हो, स्टँडर्ड आहे." मग विचारलंस "मध्येच सोडलं तर?" ती म्हणाली "ॲज पर पॉलिसी." झालं, दोघंही खूश, आणि हातात काय आलं तर काहीच नाही. असं विचारायचंच नसतं. तारीख टाकायची आणि आकडा मागायचा. "मी अमुक तारखेला जॉईन झालो आणि अमुक तारखेला माझा शेवटचा दिवस असेल, तर मला एकूण किती रुपये भरावे लागतील?" एवढं एकच वाक्य. याला "स्टँडर्ड" असं उत्तर देताच येत नाही, तिला गणित करावं लागतं, आणि करता आलं नाही तर तिलाच कळतं की क्लॉज अर्धवट आहे.

आता तुझंच लेटर घे. दोन लाख रुपये ट्रेनिंग कॉस्ट, २४ महिने. तू मला लिहिलंस "दोन वर्षांचा बॉन्ड." पुन्हा वाच. २४ महिने कधीपासून? "ट्रेनिंग यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याच्या तारखेपासून." ट्रेनिंग तीन महिन्यांचं, म्हणजे बॉन्ड झाला २७ महिन्यांचा, आणि "यशस्वीरीत्या" म्हणजे काय तेही कुठे लिहिलेलं नाही. असेसमेंट पुन्हा द्यावी लागली तर मीटर आणखी उशिरा सुरू होणार. आता धर तू जॉईन झाल्यावर बरोब्बर २० महिन्यांनी सोडलंस. मोजणी जॉईनिंगपासून असेल आणि रक्कम दर महिन्याला कमी होत असेल तर उरले चार महिने, म्हणजे साधारण ३३,३३३ रुपये. तसंच कमी होतंय पण मोजणी ट्रेनिंगनंतर सुरू होत असेल तर उरले सात महिने, म्हणजे ५८,३३३. आणि कमी होतच नसेल, तुझ्या लेटरमध्ये कमी होण्याचा एक शब्दही नाहीये, तर पूर्ण दोन लाख. माणूस तोच, तारीख तीच, आणि तीन आकडे! म्हणून म्हणते तारीख टाक.

तुझा तो मित्र म्हणतो ना की बॉन्ड कोर्टात टिकतच नाही, बिनधास्त सही कर, त्याला सांग जरा बातम्या वाच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. आता ती सरकारी बँक होती, नवीन भरती करायची तर जाहिरात, परीक्षा असा सगळा खर्च पुन्हा, ते कोर्टाने बघितलं, त्यामुळे तोच निकाल तुझ्या कंपनीला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण "टिकतच नाही" हे खोटं आहे. दुसऱ्या बाजूला २०११ ची दिल्ली हायकोर्टाची सिक्पा इंडियाची केस बघ. तिथेही बॉन्ड तीन वर्षांचा, दोन लाखांचाच, पण कंपनीने खरंच खर्च केलेला निघाला ६७,५९५ रुपये आणि तो माणूस दोन वर्षं काम करून गेला होता, तर कोर्टाने उरलेल्या एक तृतीयांशाचे २२,५३२ रुपयेच दिले. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७४ तेच सांगतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत जे वाजवी असेल तेवढंच. म्हणून दुसरा प्रश्न हाच की हे दोन लाख कशाचे? बाहेरचं सर्टिफिकेशन आहे का, परीक्षेची फी आहे का, की तीन महिने एसीत बसवून पीपीटी दाखवणार आणि त्याला ट्रेनिंग म्हणणार? खर्चाचा तपशील माग. न दिला तरी मागितल्याचा मेल तुझ्याकडे राहतो.

पण एक खरं सांगू, कोर्टापर्यंत गोष्ट फार कमी वेळा जाते. एवढ्या रकमेसाठी वकील लावण्यापेक्षा कंपनीला सोपा मार्ग माहीत असतो, फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, अडकवायचं आणि रिलिव्हिंग लेटर द्यायचं नाही. नवीन कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू असतं, तुझी झोप उडते, आणि तू गुपचूप पैसे भरून टाकतोस. कायद्याने तू जिंकला असतास हे तेव्हा कामाला येत नाही. त्यामुळे "रिकव्हरीच्या रकमेवर वाद असेल तर रिलिव्हिंग लेटर थांबवणार का" हेही विचार. पीएफला मात्र ते हात लावू शकत नाहीत, तेवढं निश्चिंत राहा.

आता जॉइनिंग बोनस, एक लाख. तुला वाटतंय ही भेट आहे. भेट नाही ती, अटीवर दिलेली उचल आहे, आणि अट १२ महिन्यांची. महापेला मी फुल अँड फायनलचं टेबल सांभाळायचे तेव्हाचा एक मुलगा सांगते. त्याने अकरावा महिना संपता संपता राजीनामा टाकला, नोटीस ६० दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस तेराव्या महिन्याच्या शेवटी. तो निवांत, वर्ष झालं की. लेटरमध्ये मात्र लिहिलेलं होतं "रुजू झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास." शेवटचा दिवस नव्हे, राजीनाम्याचा दिवस. अख्खा बोनस कापला गेला, शेवटचा पगार आणि रजेचे पैसे धरूनही त्याच्याकडून आणखी येणं निघालं. माझ्या टेबलासमोर उभा राहून तो ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. लोकं मला म्हणतात की तुम्हीच कापलेत ना काकू, हो, मीच कापले. लेटरवर त्याची सही होती, ऑडिटला मी काय उत्तर देणार होते, त्याने आधी एक मेल टाकला असता तर मीच तो मेल वर नेऊन दाखवला असता. तोंडी सांगितलेलं घेऊन मी कुठे जाणार? याबद्दल मला कोणी शहाणपण शिकवू नये.

तुझ्या लेटरमध्ये या ठिकाणी "leaves" एवढंच आहे. म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस की शेवटचा दिवस, ते कंपनी ठरवणार. विचार. तारीख टाकून विचार.

तुझ्या दादालाही सांग, तो स्विच करतोय ना, त्याचा पगार स्लॅबमध्ये वर बसतो. तुला नवीन टॅक्स पद्धतीत या पगारावर काही लागणार नाही, पण तो २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर दोन लाख बोनसमधून सेससकट ४१,६०० टीडीएस जाऊन हातात येणार १,५८,४००, आणि परत मागताना कंपनी मागणार पूर्ण दोन लाख. त्याच आर्थिक वर्षात सोडलं तर पेरोलवाले टॅक्स जुळवून घेऊ शकतात, मार्च उलटला की ती डोकेदुखी त्याची. त्याने विचारायचं की वसुली ग्रॉस रकमेची की हातात आलेल्या.

मग येतो मला सगळ्यात जास्त चीड आणणारा भाग. "कोणत्याही कारणाने" नोकरी संपल्यास. कोणत्याही! म्हणजे कंपनीनेच काढलं तरी? प्रोजेक्ट बंद झाला तरी? ट्रेनिंगच्या शेवटच्या टेस्टला तू नापास झालास आणि त्यांनीच घरी पाठवलं तरी ट्रेनिंगचे दोन लाख तूच द्यायचे? हे सरळ विचारायला लाज कसली वाटते तुम्हा मुलांना? रिक्रूटर रागावेल म्हणून? ती रागावत नाही रे, तिच्या शीटमध्ये तू एक रांग आहेस. रागावलीच तर ऑफर रद्द करण्याआधी तिला तिच्या मॅनेजरला कारण द्यावं लागेल, आणि "कॅन्डिडेटने क्लॉजचा अर्थ विचारला" हे कारण सांगायला अवघड असतं. ऑफर जातच नाही असं मी म्हणत नाही, जाते कधी कधी. पण प्रश्न विचारला म्हणून जी जाते तिथे वीस महिन्यांनी फुल अँड फायनल कसं झालं असतं त्याचा विचार कर.

आणि ही बाई कंपनीची एचआर आहे की कन्सल्टन्सीची, ते बघ. मेल आयडी बघितला की कळतं. कन्सल्टन्सीची असेल तर तिची फी तू जॉईन होऊन काही दिवस टिकण्यावर असते, तिने फोनवर दिलेला शब्द कंपनीला बांधत नाही. शेवटच्या पानावर बघ, या लेटरआधी झालेलं सगळं बोलणं रद्द समजावं अशी ओळ आहे. म्हणजे ती फोनवर म्हणाली "प्रोरेटा असतं हो, काळजी करू नका," म्हणजे रक्कम दर महिन्याला कमी होते, ते त्या ओळीने पुसलं. उत्तर कंपनीच्या आयडीवरून मेलवर पाहिजे, आणि जमलं तर सुधारलेलं लेटरच पाहिजे.

जॉइनिंगच्या दिवशी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर वेगळा बॉन्ड, बाबांची जामीन म्हणून सही, ओरिजनल मार्कशीट आणि कोरा चेक, यातलं काही मागणार आहेत का तेही आत्ताच विचार. ओरिजनल द्यायचे नाहीत, दाखवून परत घ्यायचे. कोरा चेक तर अजिबात नाही, तो बाउन्स झाला की बॉन्डचं भांडण बाजूला राहतं आणि कलम १३८ ची केस अंगावर येते. बाबांना यात ओढू नकोस, त्यांची दोन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला.

आता मेल. इंग्रजीत लिही, छोटा लिही, ऑफर आवडलीय हे पहिल्या ओळीत सांग आणि लगेच मुद्द्यावर ये. जॉईनिंग १ जुलै धरून तीन तारखा टाक, पुढच्या वर्षीचा ३१ मे, ३१ जुलै, आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा २८ फेब्रुवारी. प्रत्येक तारखेला शेवटचा दिवस असेल तर ट्रेनिंग कॉस्ट किती, जॉइनिंग बोनस किती, हे दोन आकडे वेगवेगळे माग. ३१ जुलैला मुद्दाम ठेवलंय, कारण ६० दिवसांची नोटीस म्हणजे राजीनामा जूनच्या सुरुवातीला, वर्षाच्या आत, तिथेच "leaves" चा अर्थ त्यांना लिहावा लागेल. मग एक ओळ, कंपनीने काढलं किंवा टेस्टमध्ये नापास झालो तर हे दोन्ही आकडे शून्य असतील याला दुजोरा द्या. नोटीस कमी दिली तर तिचे पैसे बेसिकवर मोजणार की ग्रॉसवर, ही शेवटची. उत्तर यायला दोन दिवस लागले तर ॲक्सेप्ट करायची मुदत तेवढी वाढवून द्या असंही त्यातच लिही, वेगळा फोन करू नकोस.

"प्लीज रेफर टू क्लॉज अमुक" असं उत्तर आलं तर तोच प्रश्न त्याच तारखांसकट परत पाठव, सीसीमध्ये लेटरवर ज्याची सही आहे त्याला घाल. सहाची मुदत आहे ना, मग मेल सकाळी अकराच्या आत जाऊ दे, आणि पाठवायच्या आधी मला दाखव, मी दहापर्यंत बँकेतून येते.

काकू