मर्यादा खात्याला लागते, यंत्राला नाही

पीएसफाइव्हवर मुलीला रोज एक तासाची मर्यादा लावली. वेळ संपली की सूचना येते, पण खेळ चालूच राहतो. सेटिंग बिघडलंय का? – एक आई, कळंबा

बिघडलेलं नाही. वेळ संपल्यावर काय व्हावं यासाठी Notify Only आणि Log Out असे दोन पर्याय असतात. तुमच्याकडे पहिला निवडलेला आहे, तो बदला.

आमच्याकडे निन्टेंडो स्विच आहे. मोठ्याला एक तास आणि धाकटीला अर्धा तास अशी वेगळी मर्यादा लावता येईल का? – एक बाबा, शाहूपुरी

नाही. स्विचवर वेळेची मर्यादा सगळ्या यंत्राला मिळून एकच असते. दादाने आधी बसून तास संपवला, तर धाकटीच्या वाट्याला काही उरत नाही. कोण किती खेळलं हे निन्टेंडोच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये वेगवेगळं दिसतं, पण वेगवेगळं अडवता येत नाही. वाटणी तुम्हालाच करावी लागेल. ॲपमध्ये Suspend Software चालू आहे ना, तेही पाहा. नसेल तर तिथेही नुसती घंटा वाजते.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचं गणित उलटं आहे. तिथे मर्यादा मुलाच्या खात्याला लागते. हे न समजल्याने जो घोळ होतो, तो पुढच्या प्रश्नात आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून सारखा येतो.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. मर्यादा एक तासाची, Log Out निवडलेलं आहे, ॲपमध्येही रोज पंचावन्न मिनिटांच्या आसपासच खेळ दिसतो. पण सासूबाई म्हणतात, शाळेतून आला की दिवेलागणीपर्यंत खेळतो. दोन्ही खरं कसं असेल? पीएसफाइव्ह जुना घेतलाय, दुकानदाराने बारा गेम भरून दिलेत. – एक आई, राजारामपुरी

ताई, दोन्ही खरं आहे. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे आणि ॲपही खोटं बोलत नाही. ॲप फक्त मुलाच्या खात्यावरचा वेळ मोजतं. उरलेला वेळ तो दुसऱ्या खात्यावरून खेळतो आहे आणि ते खातं बहुतेक दुकानदाराचं आहे.

पडताळणी सोपी आहे. यंत्र चालू केल्यावर कोण खेळणार हे विचारणारा पडदा येतो. तिथे किती नावं दिसतात ते मोजा आणि प्रत्येक नाव कुणाचं हे विचारा. तुमचं आणि मुलाचं सोडून तिसरं नाव असेल, तर सापडलं. त्याच्या प्रोफाइलमध्ये अलीकडे खेळलेले गेम पाहिले की शंका उरत नाही.

हे का होतं ते नीट सांगतो. 'बारा गेम भरून' दिले म्हणजे बारा डिस्क दिल्या नाहीत. दुकानदाराने एका मोठ्या माणसाच्या नावाच्या खात्यावर ते गेम घेतलेले असतात आणि तेच खातं तुमच्या यंत्रावर सुरू करून दिलेलं असतं. कधीकधी तर तेच खातं आणखी घरांतही चालू असतं. गेम त्या खात्यातूनच खेळायचे, असं मुलाला काउंटरवरच सांगितलं जातं. ते खातं तुमच्या कुटुंबगटात नाही. त्यावर तुम्हाला वेळ, वय, खर्च यातलं काहीही लावता येत नाही, कारण सोनीच्या हिशेबात ती एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती आहे. दुकानदार हे सांगत नाही. स्वस्तात पडलं म्हणून आपण खूश होतो. खातं दुसऱ्याला वापरायला देणं सोनीच्या अटींतही बसत नाही. कंपनीने ते खातं बंद केलं, किंवा दुकानदाराने पासवर्ड बदलला, तर बाराच्या बारा गेम गेले. पालक नियंत्रणाला पडणाऱ्या भोकांपैकी सगळ्यात मोठं भोक हे आहे आणि ते दुकानातूनच घरी येतं, याचा मला खरोखर राग येतो.

आता दुरुस्तीचा क्रम. आधी तुमचं स्वतःचं प्रौढ खातं हवं, खऱ्या जन्मतारखेचं. त्या खात्यातून Family and Parental Controls मध्ये जाऊन मुलाचं बालखातं जोडा किंवा तपासा. त्याची जन्मतारीखही खरीच हवी. काही घरांत 'गेम चालेना' म्हणून मुलाचं वय कुणीतरी वाढवून टाकलेलं असतं. तसं खातं प्रौढ धरलं जातं आणि त्यावर मर्यादा लागतच नाही. तसं निघालं, तर नवं बालखातं काढणं हाच सरळ मार्ग, मात्र जुन्या खात्यातल्या ट्रॉफी त्यात येत नाहीत. वेळ लावताना टाइम झोन भारताचाच आहे ना हे बघा. तो चुकला, तर नवा दिवस आपल्या मध्यरात्री सुरू होत नाही आणि मुलाला भलत्याच वेळी नवा तास मिळतो.

त्यानंतर तुमच्या स्वतःच्या खात्याला चार आकडी लॉगिन पासकोड लावा. तो नसेल, तर मुलगा दुकानदाराच्या ऐवजी तुमच्या नावावर जाऊन बसेल.

मग PS5 Console Restrictions उघडा. इथला पासकोड कारखान्यातूनच 0000 असा येतो आणि शाळेतल्या मुलांना तो पाठ असतो. तो बदला, आणि नवा युजर बनवणं व गेस्ट लॉगिन हे दोन्ही बंद करा. वेळेची मर्यादा लावून ही पायरी सोडणारी घरं फार आहेत. ही उघडी राहिली, तर मुलगा काही मिनिटांत नवा युजर तयार करतो आणि त्या युजरला कुणाचीच मर्यादा नसते.

दुकानदाराचं खातं काढणं सगळ्यात शेवटी. ते काढलं की त्यावरचे गेम उघडणार नाहीत आणि त्या युजरची साठवलेली प्रगतीही पुसली जाईल. डिस्कवरचे गेम राहतील. म्हणून आधी बिल घेऊन दुकानात जा, काय विकलं हे लेखी मागा आणि पैसे परत किंवा डिस्क, यावर बोला. मुलालाही आधी सांगा. त्याला हे खातं दुकानानेच दिलं होतं. त्याने चोरी केली अशा सुरात विषय काढू नका. खात्यांची मालकी कुणाची यात गोंधळ असेल, तर काहीही पुसण्याआधी सोनीच्या ग्राहक सेवेशी बोला. पुसलेलं परत आणण्याची खात्री मी देऊ शकत नाही.

सगळं झालं की आठवडाभर सासूबाईंचा अंदाज आणि ॲपमधला आकडा शेजारी ठेवून बघा. दोन्ही जुळले, म्हणजे भोक बुजलं.

मुलगा फक्त फुटबॉलचा गेम खेळतो, मंगळवार पेठेत दुसरं काय खेळणार! त्यावर तीन वर्षांपुढील मुलांसाठी असं लिहिलंय. मग वयाची मर्यादा लावली की पैशाचीही काळजी मिटली ना? – एक बाबा, मंगळवार पेठ

नाही मिटत. वयाचा शिक्का मुख्यतः गेममध्ये मारामारी, शिव्या असं काय दाखवलंय यावरून पडत आलाय. त्या फुटबॉल गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत मिळतात आणि आत कोण निघेल हे नशिबावर असतं. एवढं असूनही युरोपातल्या बहुतेक देशांत त्याला तीनचाच शिक्का मिळत आलाय. बेल्जियममध्ये याच पाकिटांच्या पैशावरून वाद झाला आणि कंपनीने 2019 मध्ये तिथे ती पाकिटं घेण्याचे पॉइंट विकणं थांबवलं. आपल्याकडे ते मिळतात. तुम्ही सात वर्षांची मर्यादा लावा नाहीतर बाराची, हा गेम सगळीकडून आरपार जातो.

पैसे अडवणारं सेटिंग वेगळं आहे: मुलाच्या खात्यावरची महिन्याची खर्चमर्यादा. ती शून्य ठेवा. तुमच्या स्वतःच्या खात्यात कार्ड साठवलेलं असेल, तर खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारला जावा असंही करा.

याचीही हद्द लक्षात घ्या. ही मर्यादा त्या दुकानापुरती, म्हणजे प्लेस्टेशन स्टोअरपुरती आहे. काही गेमचे पॉइंट गेमच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा मोबाइलवरून घेता येतात, आणि मित्राने दिलेला कोड तिथे भरता येतो. ते कन्सोलला कळतही नाही. नोंद न ओळखता येणारा खर्च कार्डावर दिसला, तर मुलाला दटावत बसण्यात दिवस घालवू नका. आधी बँकेला फोन करा, कारण तक्रारीला मुदत असते.

मुलगी खेळताना हेडफोनवर कुणा अनोळखी माणसाशी बोलते. हे बंद होतं का? – एक आई, रुईकर कॉलनी

बालखात्यावर संवादावर बंदी घातली की प्लेस्टेशनवरचे मेसेज आणि व्हॉइस चॅट बंद होतं. मात्र काही गेमना स्वतःचं वेगळं खातं लागतं आणि चॅटचं सेटिंगही तिथे वेगळं असतं, उदाहरणार्थ फोर्टनाइट. ते तिथे जाऊन बंद करावं लागतं. आणि बाजूला मोबाइलवर डिस्कॉर्ड चालू असेल, तर कन्सोल काहीच करू शकत नाही. त्या माणसाने फोटो, पत्ता, शाळेचं नाव यातलं काही मागितलं असेल, तर चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांचा सल्ला घ्या, आजच.

पालकांच्या ग्रुपवर आलंय की रात्री राउटर बंद केला की पुरतं, बाकी सेटिंगची गरज नाही. – एक बाबा, साने गुरुजी वसाहत

इंटरनेट बंद होतं, डिस्कवरचा गेम चालूच राहतो. असे मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा घरी करून बघा.

तास संपला की सामन्याच्या मध्येच बाहेर फेकला जातो आणि मग घरात रडारड, आदळआपट. मर्यादाच काढून टाकू का? – एक आई, ताराबाई पार्क

काढू नका, पण त्याची तक्रार ऐका. ऑनलाइन सामना अर्ध्यात सुटला, तर तो हरल्यात जमा होतो; त्याचा राग खोटा नाही. फुटबॉलच्या एका सामन्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेव्हा शेवटची वीस मिनिटं उरली की नवा सामना सुरू करायचा नाही, हे आधी ठरवा. तरीही कधी अडकला, तर फोनवरच्या ॲपमधून त्या दिवसापुरती पंधरा मिनिटं वाढवता येतात. रोज मात्र वाढवू नका, नाहीतर मर्यादा सव्वा तासाचीच झाली. शिवाय वेळेच्या मर्यादेसोबत खेळण्याचे तासही ठरवता येतात, म्हणजे संध्याकाळी सहा ते आठ याच दरम्यान. झोपेचा त्रास असेल, तर एकूण वेळेपेक्षा याचा उपयोग जास्त.

आदळआपट रोजचीच झाली असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळताना कधी डोळे फिरले, अंग आखडलं किंवा भान गेलं असेल, तर सेटिंगचा विचार बाजूला ठेवा, यंत्र बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

Console Restrictions चा पासकोड विसरलोय. – एक बाबा, जवाहरनगर

आधी 0000 टाकून बघा. नाही उघडलं, तर सोनीच्या ग्राहक सेवेशी बोला. शेवटचा उपाय यंत्र पूर्ण रीसेट करणं हाच उरतो, आणि त्यात सगळं पुसलं जातं. पीएसफाइव्ह गेमची साठवलेली प्रगती पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, ती प्लेस्टेशन प्लसच्या क्लाउडवरच ठेवता येते. म्हणून रीसेटआधी ती वर गेली आहे ना हे तपासा. रीसेट झाल्यावर यंत्राचे निर्बंध पुन्हा 0000 वर येतात आणि नवा युजर बनवण्याची वाट पुन्हा उघडी होते. ती त्याच दिवशी बंद करा. मुलाच्या खात्यावरची वेळेची मर्यादा मात्र खात्यासोबतच असते, ती परत लावावी लागत नाही.