कोलेसिस्टायटिस आणि कोलेसिस्टेक्टॉमी: शेपटाकडे बघा

प्रश्न: कोल्हापुरात आईची सोनोग्राफी केली. रिपोर्टवर ‘कोलेसिस्टायटिस’ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ लिहिलंय. आईला दोन आजार आहेत का?

उत्तर: नाही, आजार एकच आहे. दुसरा शब्द ऑपरेशनचा आहे.

शब्द फोडून बघा. ग्रीकमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. झाली पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय. पुढे ‘आयटिस’ लागलं की तिथे दाह, म्हणजे सूज आहे. ‘एक्टॉमी’ लागलं की तो भाग कापून बाहेर काढणं. नुसतं ‘टॉमी’ असेल तर फक्त छेद देणं, म्हणून ‘टॉमी’च्या आधीचा ‘एक्’ नजरेतून सुटू देऊ नका.

‘आयटिस’ सूज सांगतं, कारण नाही. जंतूच असतील असं नाही. पित्ताशयात बहुतेक वेळा खड्याने वाट अडून सूज येते. खडे असतील तर रिपोर्टमध्ये ‘कॅल्क्युलस’ दिसेल. तो लॅटिन शब्द, अर्थ बारीक दगड.

सुरुवातीचा ‘कोले’ मात्र गाळू नका. नुसतं ‘सिस्टायटिस’ म्हणजे लघवीच्या पिशवीची सूज. माझ्या मावशीने फोनवर अर्धाच शब्द सांगितला, आणि घरात दोन दिवस किडनीची काळजी चालली होती.

‘हायपो’ने अनेकजण घाबरतात. त्याचा अर्थ खाली किंवा कमी. सोनोग्राफीतलं ‘हायपोएकोइक’ म्हणजे तो भाग आवाजाच्या लहरी कमी परतवतो, म्हणून चित्रात जास्त काळा दिसतो. ते दिसण्याचं वर्णन आहे, आजाराचं नाव नाही.

आईला ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल तर शब्द फोडत बसू नका, आजच दाखवा.