मटण रस्सा आठला, मग कांदा किती वाजता?

घड्याळ उलटं वाच. सोलापुरात रात्री आठला मटण थाळी सुरू करायची, तर रस्सा साडेसातला उतरला पाहिजे; अर्धा तास मुरला की तर्री वर येते. वाटण घालून उकळायला अर्धा तास, म्हणजे सातला मटण मऊ हवं. दहा किलो उघड्या पातेल्यात शिजायला दोन तास धर, उकळी यायला वीस मिनिटं. गॅस चार चाळीसला पेटव. बोकड जून असेल तर अर्धा तास आधीच.

खरी गफलत वाटणात होते. सातला हवं असलेलं वाटण लोक सहाला भाजायला घेतात. कांदा-खोबरं भाजायला पाऊण तास, दळायला वीस मिनिटं, हे सगळे धरतात. निवायचा अर्धा तास कुणीच धरत नाही. गरम कांदा मिक्सरमध्ये घातला की वाफेनं झाकण उडतं, हात भाजतो. म्हणून वाटणवाल्यानं सव्वापाचला कढई ठेवायची, कांदा त्याआधी चिरलेला हवा. मिक्सर एकच असेल तर शेंगाचटणी पाचच्या आत उरकून घे.

भाकरीवालीला मात्र लवकर बसवू नकोस. ज्वारीचं पीठ मळून ठेवलं की भाकरी थापताना कडेनं चिरते. तिचा तवा पावणेआठला, पीठ गिऱ्हाईक बसल्यावर, दोन-तीन भाकरींपुरतंच.